सोन्याच्या चार्टवरचे 'डोकं-खांदे' आणि 'डबल टॉप': दावा काय, आणि तो किती वेळा फसतो?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे, फक्त आकडे नीट मांडले आहेत, कारण आकडे ऐकून डोक्यात राहत नाहीत.

लातुरात 'पॅटर्न' म्हटलं की अजूनही लोकांना बारावीचे निकाल आणि शिकवण्या आठवतात. पण गेल्या काही वर्षांत गंजगोलाईच्या सराफ लाइनीत किंवा नांदेडच्या सराफ्यात चहा पिता पिता हा शब्द वेगळ्याच अर्थानं कानावर येतो. मोबाइलवर सोन्याचा चार्ट उघडलेला असतो, त्यावर दोन-तीन रेषा मारलेल्या असतात आणि कुणीतरी सांगत असतं, "डबल टॉप बनलाय बघा, आता सोनं पडणार."

या भागासाठी दोन प्रश्न आले होते. पहिला नांदेडहून. एक ताई विचारतात, "सर, आमच्या ह्यांच्या ग्रुपमध्ये डबल टॉपचा फोटो फिरायलाय. पोरीचं लग्न आहे, पाच तोळे घ्यायचेत. घ्यावं का थांबावं?" दुसरा लातूरहून, एका तरुण अडत व्यापाऱ्याचा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सेबीनं सोयाबीनचा वायदा बंद केला, तेव्हापासून तो गोल्ड मिनी करतो. तो विचारतो, "दादा, हेड अँड शोल्डर खरंच चालतो का? किती टक्के?"

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तर एकत्र देतो.

आधी आकृत्या समजून घेऊ

डबल टॉप म्हणजे भाव एका उंचीपर्यंत चढतो, खाली येतो, पुन्हा जवळपास तेवढ्याच उंचीवर जातो आणि तिथून परत फिरतो. चार्टवर दोन सारखी शिखरं आणि मध्ये एक दरी दिसते. त्या दरीच्या तळातून आडवी रेष मारली की ती झाली नेकलाइन.

हेड अँड शोल्डरमध्ये तीन शिखरं असतात. मधलं उंच, ते डोकं. दोन्ही बाजूंची बुटकी, ते खांदे. शिखरांमधल्या दोन दऱ्यांचे तळ जोडले की नेकलाइन मिळते. हीच आकृती उलटी, म्हणजे डोकं खाली असेल, तर तिला इन्व्हर्स म्हणतात आणि ती तेजीची मानतात.

ट्रेडरचा दावा तीन भागांचा असतो. नेकलाइन तुटली की कल बदलला, हा पहिला. शिखरापासून नेकलाइनपर्यंत जेवढी उंची आहे तेवढाच भाव नेकलाइनच्या खाली जाणार, म्हणजे टार्गेट, हा दुसरा. आणि भाव परत शिखराच्या वर गेला तर आकृती चुकली असं समजायचं, म्हणजे स्टॉपलॉस, हा तिसरा.

ग्रुपमध्ये फोटो फिरतो तेव्हा पहिला आणि तिसरा भाग गायब असतो. दोन शिखरं दिसली की लगेच टार्गेट सांगितलं जातं. पण नेकलाइन तुटेपर्यंत ती आकृती पुस्तकाच्या हिशेबानंही पूर्ण नसते. कितीतरी वेळा भाव दुसऱ्या शिखरावर थोडा दम खातो आणि सरळ वर निघून जातो. मग तो फोटो सगळे विसरतात.

सोन्यातलं सगळ्यात गाजलेलं डबल टॉप: २०२० ते २०२२

आता एक खरं उदाहरण पूर्ण सोडवू. ७ ऑगस्ट २०२० ला कोरोनाच्या काळात जागतिक बाजारात सोनं एका औंसाला साधारण २,०७५ डॉलरपर्यंत गेलं. मग घसरत घसरत मार्च २०२१ मध्ये १,६७६ डॉलरच्या आसपास आलं. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर ८ मार्च २०२२ ला ते पुन्हा २,०७० वर पोचलं आणि तिथून फिरलं. दोन शिखरांमध्ये पाच डॉलरचा फरक आणि दीड वर्षाचं अंतर. पुस्तकात छापावं असं डबल टॉप होतं हे.

पुढं अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, भराभर व्याजदर वाढवत गेली, डॉलर मजबूत झाला आणि सप्टेंबर २०२२ च्या मध्यात १,६७६ ची नेकलाइनही तुटली. म्हणजे आता घाई केली असं कुणी म्हणू शकत नव्हतं. आकृती नियमानं पूर्ण झाली होती. टार्गेटचा हिशेब सोपा आहे: २,०७५ वजा १,६७६ म्हणजे सुमारे ४०० डॉलर. ते १,६७६ मधून वजा केले की १,२८० च्या आसपासचा आकडा येतो.

झालं काय? २८ सप्टेंबरला भाव १,६१४ च्या जवळ गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उसळून १,७२० च्या वर आला. पुन्हा घसरून नोव्हेंबरच्या सुरुवातीला १,६१६ च्या आसपास टेकला. मग १० नोव्हेंबरला अमेरिकेतल्या महागाईचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला, डॉलर खाली आला आणि सोनं थेट वर निघालं. मे २०२३ मध्ये ते परत २,०७० च्या पलीकडं होतं आणि मार्च २०२४ मध्ये तो सगळा पट्टा मागं टाकून पुढं गेलं.

४०० डॉलरचं टार्गेट होतं, मिळाले जेमतेम ६० आणि काही. चार्टमध्ये न दिसणारी एक गोष्ट त्या काळात चालू होती. २०२२ मध्ये जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून १,००० टनांहून जास्त सोनं घेतलं. हा खरेदीदार नेकलाइन बघून घेत नाही आणि नेकलाइन तुटली म्हणून विकतही नाही.

तेच डबल टॉप रुपयात बघा

आता आपल्याकडचा खरा मुद्दा. हा सगळा चार्ट डॉलरचा होता, मोबाइलवर XAUUSD नावानं दिसतो तो. नांदेडच्या ताई पाच तोळे डॉलरमध्ये घेणार नाहीत आणि लातूरचा दादा गोल्ड मिनी एमसीएक्सवर करतो, तिथला भाव रुपयात दहा ग्रॅमचा असतो.

एमसीएक्सवरही शिखरं दोन होती: ऑगस्ट २०२० मध्ये ५६ हजारांच्या थोडं वर आणि मार्च २०२२ मध्ये साडेपंचावन्न हजारांच्या आसपास. मधली दरी मार्च २०२१ मधली, ४४ हजारांच्या जवळपास. ही दरी कशी तयार झाली ते हिशेबानं बघू. एका औंसात ३१.१ ग्रॅम असतात. १,६७६ डॉलर गुणिले तेव्हाचा डॉलर, साधारण ७३ रुपये, भागिले ३१.१, आणि ते दहा ग्रॅमसाठी दहानं गुणलं की ३९,३०० च्या आसपास येतं. त्यावर तेव्हाचं आयात शुल्क १०.७५ टक्के धरलं की साडेत्रेचाळीस हजार.

आता २८ सप्टेंबर २०२२ चा तळ घ्या, १,६१४ डॉलर. डॉलर तेव्हा ८१ रुपये ९० पैशांच्या आसपास होता. त्याच पद्धतीनं दहा ग्रॅमचे ४२,५०० होतात. पण जुलै २०२२ मध्ये सरकारनं आयात शुल्क १५ टक्के केलेलं होतं. ते धरलं की ४८,८०० च्या वर.

बघा गंमत. जागतिक भाव आधीच्या तळापेक्षा ६० डॉलर खाली गेला आणि आपला भाव आधीच्या तळापेक्षा पाच हजारांहून जास्त वर राहिला. डॉलरच्या चार्टवर नेकलाइन तुटली होती. रुपयाच्या चार्टवर नेकलाइन खूप खाली, ४४ हजारांजवळ होती आणि भाव तिच्या आसपासही गेला नाही. म्हणजे आपल्या बाजारात ते डबल टॉप कधी पूर्णच झालं नाही. एकच धातू आणि एकच दिवस, पण एका चार्टवर मंदीची खात्री आणि दुसऱ्यावर काहीच नाही.

आता कुणी डॉलरचा चार्ट बघून सप्टेंबरच्या मध्यात एमसीएक्सवर ४९,३०० च्या आसपास एक गोल्ड मिनी विकला असेल, तर काय झालं असेल? गोल्ड मिनी १०० ग्रॅमचा असतो, म्हणून दहा ग्रॅमच्या भावात एक रुपया हलला की खात्यात दहा रुपये हलतात. नोव्हेंबरच्या मध्याला भाव ५२ हजारांच्या वर होता. तीन हजारांचा फरक धरला तर एका लॉटमागं तीस हजारांचा तोटा. आणि त्याच्या चार्टवर तर आकृती अजून जिवंत होती, कारण डॉलरचं २,०७० चं शिखर लांबच होतं.

ताईंसारखं कुणी त्या वेळी लग्नाचं सोनं घ्यायला थांबलं असेल तर? १,२८० डॉलरचं टार्गेट तेव्हाच्या डॉलरनं आणि शुल्कानं रुपयात ३८-३९ हजार होतं. त्या भावाची वाट बघत बसलं तर मे २०२३ मध्ये भाव ६१ हजारांच्या वर गेलेला. ४९ आणि ६१ मधला फरक बारा हजार, पाच तोळ्यांना साठ हजार. सराफ्यात आता तोळा म्हणजे दहा ग्रॅमच धरतात, म्हणून हिशेब सरळ आहे. यात जीएसटी आणि घडणावळ धरलेली नाही.

उलटंही घडतं. २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं आणि एमसीएक्सवर एका दिवसात भाव सुमारे चार हजारांनी पडला. जागतिक चार्टवर त्या दिवशी असं काही नव्हतं. रुपयाच्या चार्टवर मात्र अशा दिवशी कितीतरी रेषा एकदम तुटतात. ती रेष खरेदीदार थकले म्हणून तुटली नाही, दिल्लीत एक आकडा बदलला म्हणून तुटली.

मग कधी चालतच नाही का?

चालतं की. नाही म्हणणं खोटं होईल. सोन्यातलं गाजलेलं इन्व्हर्स हेड अँड शोल्डर २००८-०९ चं. मे २००८ मध्ये ८५० डॉलरच्या आसपास डावा खांदा, ऑक्टोबर २००८ च्या जागतिक मंदीत ६८० च्या जवळ डोकं, एप्रिल २००९ मध्ये ८६५ च्या आसपास उजवा खांदा आणि नेकलाइन साधारण १,००० वर. ऑक्टोबर २००९ मध्ये भाव ती ओलांडून निघाला. टार्गेट १,३२० च्या आसपास येत होतं. सप्टेंबर २०१० मध्ये भाव १,३०० ला पोचला आणि पुढंही गेला.

पण मधला प्रवास बघा. डिसेंबर २००९ मध्ये भाव १,२२० च्या वर होता आणि फेब्रुवारी २०१० मध्ये पुन्हा १,०४५ च्या जवळ. म्हणजे कमावलेलं जवळजवळ सगळं परत गेलं होतं. नेकलाइनपर्यंत असं परत येण्याला ट्रेडर रिटेस्ट म्हणतात. उधारीच्या मार्जिनवर बसलेला माणूस अशा वेळी बाहेर फेकला जातो आणि आकृती त्याच्याशिवाय यशस्वी होते.

'किती टक्के' या प्रश्नाची अडचण

लातूरच्या दादाला टक्केवारी पाहिजे. त्याआधी अजून एक आकृती मोजून बघू. २३ ऑगस्ट २०११ ला सोनं १,९१३ च्या आसपास, मग १,७०४ ची दरी, ६ सप्टेंबरला १,९२० चं शिखर. त्याच महिन्यात नेकलाइन तुटली. टार्गेट १,४९० च्या आसपास. तीन-चार दिवसांत भाव १,५३२ पर्यंत कोसळला, पण टार्गेटच्या चाळीसेक डॉलर आधीच थांबला. नोव्हेंबरमध्ये तो परत १,८०० ला, नेकलाइनच्या बराच वर. आणि १,४९० शेवटी आलं ते एप्रिल २०१३ मध्ये, दीड वर्षानं.

सांगा, हे पास की नापास? एक जण म्हणेल नेकलाइननंतर १७० डॉलर पडलं, पास. दुसरा म्हणेल टार्गेट आलं नाही आणि भाव उलटला, नापास. तिसरा म्हणेल शिखराच्या वर स्टॉपलॉस होता, तो लागला नाही आणि टार्गेट अखेर आलं, पास. तिघांचा चार्ट एकच आहे. म्हणून कुणी '८० टक्के अचूक' म्हणालं की पहिला प्रश्न हा: काय झालं तर नापास धरलंत?

अभ्यास झालेले आहेत, पण बहुतेक शेअर आणि चलनांवर. शिकागोच्या हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ मध्येच दाखवलं की नुसत्या यादृच्छिक आकड्यांचा, म्हणजे छापा-काट्यासारखा, चार्ट काढला तरी त्यात हेड अँड शोल्डर दिसतात. न्यूयॉर्क फेडमध्ये कॅरल ऑस्लर आणि केविन चँग यांनी १९९५ मध्ये सहा चलनं तपासली. ही आकृती दोनच चलनांत, जर्मन मार्क आणि जपानी येनमध्ये, फायद्याची ठरली. उरलेल्या चारांत नाही. अमेरिकेतले थॉमस बुल्कोवस्की हजारो आकृत्या हातानं मोजण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या शेअरवरच्या मोजणीत नेकलाइन तुटलेल्या हेड अँड शोल्डरपैकी पूर्ण टार्गेट गाठणाऱ्या साधारण निम्म्याच निघतात. आणि ही मोजणी नेकलाइन तुटल्यानंतरची आहे, नुसते खांदे दिसल्यापासूनची नाही.

निम्म्या म्हणजे वाईट नाही, असं वाटेल. पण डबल टॉपचा हिशेब बघा. नेकलाइनवर विकायचं, टार्गेट एक उंची खाली, पुस्तकातला स्टॉपलॉस शिखराच्या वर, म्हणजे एक उंची वर. जोखीम आणि फायदा सारखाच. दहापैकी पाच बरोबर आले तर हातात शून्य, आणि दलाली-कर वजा केले की तोटा. मग लोक स्टॉपलॉस जवळ आणतात, नेकलाइनच्या जरासा वर. तो रिटेस्टमध्ये उडतो आणि बरोबर येणाऱ्या पाचांतलेही दोन-तीन हातून जातात.

स्वतः तपासायचं असेल तर

दादा, तुला माझ्या टक्केवारीपेक्षा तुझी स्वतःची जास्त उपयोगी पडेल. एमसीएक्स सोन्याचा रोजचा, दहा वर्षांचा चार्ट घे. उजवी बाजू कागदानं झाक आणि एकेक दिवस उघडत जा. आकृती दिसली की वहीत चार गोष्टी लिही: तारीख, नेकलाइन, टार्गेट, स्टॉपलॉस. लिहिल्याशिवाय पुढचा दिवस उघडायचा नाही. नेकलाइन तुटलीच नाही, तरी ती ओळ खोडायची नाही. शेवटी टार्गेट आधी आलं की स्टॉपलॉस, एवढंच मोज. पूर्ण चार्ट समोर ठेवून जुन्या आकृत्या शोधल्या तर फक्त चाललेल्याच डोळ्यांत भरतात, कारण मोठी घसरण आधी दिसते आणि खांदे आपण नंतर शोधतो.

वहीत शेजारी अजून दोन रकाने ठेव: त्या दिवशीचा डॉलरचा भाव आणि आयात शुल्क. रुपयातली रेष तुटली पण डॉलरमधली नाही, किंवा उलटं, अशा ओळी वेगळ्या कर. त्यांत सोन्याबद्दल कमी आणि रुपया-शुल्काबद्दल जास्त माहिती असते.

ताई, तुम्हाला सरळ सांगतो. लग्नाची तारीख ठरलेली असते, टार्गेटला तारीख नसते. २०११ चं टार्गेट दीड वर्षानं आलं आणि २०२२ चं आलंच नाही. ग्रुपमधल्या फोटोला तीन प्रश्न विचारा: हा चार्ट रुपयाचा की डॉलरचा, नेकलाइन तुटली का, आणि कुठला भाव आला तर हे चुकलं असं म्हणायचं? तिन्हीची उत्तरं नसतील तर तो फोटो बाजूला ठेवा आणि पाच तोळे तीन-चार हप्त्यांत घ्या. भाव खाली आला तर पुढचा हप्ता स्वस्त पडेल. वर गेला तर आधीचं हातात असेल.

नेहमीप्रमाणं सांगतो, हा गुंतवणुकीचा सल्ला नाही, समजून घेण्यासाठीची चर्चा आहे. पुढच्या भागात एमसीएक्सचा भाव आणि सराफ्यातला भाव यांत रोज फरक का असतो, ते बघू. तुमच्याकडं असा फिरलेला चार्ट असेल तर पाठवा, फक्त तो कुठल्या तारखेला आला ते नक्की लिहा. भेटू.